सगळे हसले, मला कळलं नाही: स्क्रीनशॉटमधल्या खासगी विनोदाचा माग कसा काढावा

प्रश्न: कुठल्या तरी ग्रुपमधला चॅटचा स्क्रीनशॉट फिरत फिरत माझ्याकडे आला. त्यातली माणसं खदाखदा हसताहेत. मला शब्द सगळे कळतात, पण हसण्यासारखं त्यात काय आहे ते कळत नाही. असं का होतं? आणि हा विनोद मुळात कशावरून सुरू झाला असेल, याचा अंदाज बाहेरच्या माणसाला बांधता येतो का?

उत्तर: विनोद त्या चित्रात नाहीच, म्हणून तो तुम्हाला सापडत नाही. चित्रात दिसतो तो त्याचा सगळ्यात अलीकडचा, वापरून वापरून लहान झालेला तुकडा. मूळ प्रसंग आधी कधीतरी त्याच माणसांसमोर घडून गेलेला असतो, आणि तो पुन्हा सांगायची त्यांना गरज उरलेली नसते. मात्र लहान होताना तो तुकडा काही खुणा ठेवून जातो. फिरत्या स्क्रीनशॉटची पडताळणी हे माझं रोजचं काम आहे, त्या अनुभवावरून सांगतो: मूळ प्रसंग कोणत्या प्रकारचा होता हे पुष्कळदा ओळखता येतं. प्रसंग जसाच्या तसा कळेल, ही अपेक्षा मात्र ठेवू नका.

तुकडा लहान का होतो, हे आधी पाहू. हर्बर्ट क्लार्क आणि डिआना विल्क्स-गिब्ज या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन माणसं एकमेकांना दिसणार नाहीत अशी बसवली. दोघांसमोर टॅनग्रॅमच्या, म्हणजे भौमितिक तुकडे जोडून केलेल्या, त्याच १२ विचित्र आकृत्या ठेवल्या. एकाने वर्णन करायचं आणि दुसऱ्याने त्यावरून आकृत्या क्रमाने लावायच्या, अशा सहा फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत वर्णन करणाऱ्याला एका आकृतीसाठी सरासरी ४१ शब्द लागले आणि सहाव्या फेरीत ८. पहिल्यांदा ‘बर्फावर घसरणाऱ्या माणसासारखी, फक्त दोन्ही हात पुढे काढलेली’ असं लांबलचक वर्णन होतं, ते शेवटी नुसतं ‘बर्फावरचा घसरणारा’ एवढ्यावर येतं. दोघांनी मिळून एक नाव ठरवलेलं असतं, पण ‘चल, हे नाव ठरवूया’ असं कोणी म्हणालेलं नसतं.

पुढे १९८९ मध्ये मायकेल शोबर आणि क्लार्क यांनी त्यात तिसऱ्या माणसाची भर घातली. हा तिसरा नुसता ऐकत होता. त्याच्या कानावर प्रत्येक शब्द पडत होता, तरी आकृत्या ओळखण्यात तो प्रत्यक्ष बोलणाऱ्या जोडीदाराच्या मागेच राहिला. कारण ‘थांब, हात पुढे म्हणजे कुठे?’ असं विचारायची सोय त्याला नव्हती. स्क्रीनशॉट वाचणाऱ्याची अवस्था याहून बिकट. तो थेट सहाव्या फेरीला येऊन बसतो, आधीच्या पाच त्याने ऐकलेल्याच नसतात.

आता एक नमुना घेऊ. नावं बदलली आहेत आणि मजकूर किंचित आटोपता केला आहे. कामाच्या ग्रुपमधला हा तुकडा बाहेर फिरत होता:

मीनल: शेवटचा तक्ता कोणाकडे आहे?
ओंकार: माझ्याकडे. लगेच आठवतो. (खाली 😂 ७)
~ सई: सगळ्यांना आठव, फक्त मीनलला नको
(उजवीकडे, स्क्रीनशॉट काढणारा): सरांनाही आठव, नाहीतर परत मागतील
मीनल: आणि पीडीएफमध्ये आठव. मागच्या वेळी उघडलंच नाही
ओंकार: 🐘

ज्याने हा मला पाठवला त्याचा समज असा झाला होता, की ओंकार विसरभोळा आहे आणि सगळे मिळून त्याची टर उडवताहेत. पहिल्या वाचनात असंच वाटतं. पण हा अर्थ धरून एकेक ओळ वाचली की गाडी अडते. ‘सगळ्यांना आठव’ म्हणजे सगळ्यांची आठवण काढ, असं फार ओढून ताणून म्हणता येईल. ‘पीडीएफमध्ये आठव’चं काय करायचं? विसरभोळ्या माणसाला असं कोणी सांगत नाही.

मी सगळ्यात आधी ही अडणारी जागा शोधतो. खासगी विनोदातला शब्द बदललेला असतो, पण त्याच्या आजूबाजूची मांडणी बहुतेक वेळा मूळ शब्दाचीच राहते. या नमुन्यात ‘आठव’च्या शेजारी काय काय आलंय पाहा: ‘सगळ्यांना’, ‘सरांनाही’, ‘पीडीएफमध्ये’, ‘लगेच’. कोणाला, कशाच्या रूपात, कधी. हा सगळा लवाजमा आठवण्याचा नव्हे, कसलीतरी वस्तू कोणाकडे तरी पोचवण्याचा आहे. म्हणून पुढचं काम असं की त्या जागी एकेक साधा शब्द घालून बघायचा आणि कोणत्या शब्दाने सगळ्या ओळी एकदम रोजच्या वाटू लागतात ते पाहायचं. इथे ‘पाठव’ घातला की सहापैकी पाच ओळी कुठल्याही ऑफिसात रोज लिहिल्या जातात तशा होतात. एका ओळीला बसणारे शब्द चार-पाच निघतील, पण सगळ्या ओळींना बसणारा सहसा एकच निघतो. एकाच ओळीवर अंदाज उभा करू नये, तो त्यासाठीच.

मग प्रश्न उरतो की ‘पाठवतो’चं ‘आठवतो’ झालं कसं. हे हाताने करून पाहता येतं. रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्या कीबोर्डवर `pathavto` लिहिलं की ‘पाठवतो’ येतं. त्यातला पहिला `p` नीट दाबला गेला नाही तर उरतं `athavto`, आणि त्याचं होतं ‘आठवतो’. `p` ही कळ वरच्या ओळीच्या अगदी उजव्या टोकाला असते, घाईत अंगठा तिथवर पोचत नाही. शिवाय ‘आठवतो’ हा धडधडीत बरोबर शब्द असल्यामुळे शुद्धलेखन तपासणारी सोय गप्प बसते. चुकून तयार झालेला शब्द निरर्थक असता तर फोनने तो सुधारला असता किंवा लोकांनी तो नुसती चूक म्हणून सोडून दिला असता. तो अर्थपूर्ण निघाला आणि अर्थही नेमका उलटा लागला, म्हणून टिकला. फाइल पाठवायचं कबूल करणारा माणूस प्रत्यक्षात ती फक्त आठवत बसलाय, हे चित्र प्रत्येक ऑफिसात ओळखीचं असतं.

इथे आणखी एक बारीक गोष्ट हाती लागते. हाच माणूस थेट देवनागरी कळांवर लिहीत असता आणि त्याच्याकडून ‘प’ राहिला असता, तर ‘आठवतो’ उमटलंच नसतं. मागे नुसता काना लोंबकळत राहिला असता आणि शब्द मोडका दिसला असता. म्हणजे चूक कळा दाबताना झाली असेल, तर ती करणारा रोमनमधून लिहीत होता, असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. दुसरी शक्यता बोलून टाइप करण्याची. माइक किंचित उशिरा सुरू झाला तर पहिलं व्यंजन कापलं जातं आणि निकाल हाच येतो. या दोन्हींत निवड करायला स्क्रीनशॉटमध्ये काही नाही, म्हणून मी ती करत नाही.

आता असंही असू शकतं की जी चूक शोधतोय ती हीच, आणि विनोदाचा जन्म याच चित्रात झालाय. हा प्रश्न बहुतेक जण विचारायला विसरतात. ताजी चूक आणि जुना विनोद यांत फरक कळतो तो पहिल्या प्रतिसादावरून. चूक ताजी असेल तर कोणीतरी त्या शब्दावर बोट ठेवतं: ‘आठवतो??’, किंवा शब्द उद्धृत करून हसतं. लिहिणारा स्वतः चांदणी देऊन ‘*पाठवतो’ असं दुरुस्त करतो. विनोद जुना असेल तर त्या शब्दाकडे कोणी बघतही नाही, तो बिनदिक्कत पुढे वापरला जातो. आपल्या नमुन्यात सई पहिल्याच फटक्यात ‘सगळ्यांना आठव’ म्हणते, दुरुस्ती कोणी करत नाही, विचारत नाही, आणि मूळ चित्रातल्या वेळा पाहिल्या तर पहिल्या संदेशापासून शेवटच्यापर्यंत जेमतेम दोन मिनिटं जातात. शब्दाची रूपंही सहज बदलताहेत. एवढी सफाई पहिल्या दिवशी येत नाही. माझ्या मते मूळ चूक त्याआधी काही आठवडे तरी झालेली असावी, पण ‘काही आठवडे’ हा अंदाजच आहे, त्याला पुरावा म्हणू नये.

मूळ चूक ओंकारचीच का? असेलच असं नाही. पण शब्द पहिल्यांदा काढणारा तो आहे, दुसऱ्याने त्याच्यावर फेकलेला नाही. मघाच्या ‘टर उडवताहेत’ या समजुतीला खरा धक्का इथे बसतो. ज्याच्यावर विनोद आहे तोच आपण होऊन तो सुरू करत असेल, तर त्या गटात तो विनोद निवलेला असतो, बोचणारा राहिलेला नसतो. दुसऱ्या कोणी सुरुवात केली असती आणि ओंकार गप्प राहिला असता, तर मी इतक्या सहज हे म्हटलं नसतं. बाहेरच्यांनी अशा चित्रावरून ‘काय छळतात बिचाऱ्याला’ असा निष्कर्ष काढून भांडण लावल्याची उदाहरणं मला वारंवार दिसतात, म्हणून कोण सुरू करतो आणि पुढे कोण गप्प होतो हे दोनदा पाहावं.

यातली प्रत्येक ओळ पुरावा म्हणून धरायची नाही, हेही सांगायला हवं. ‘मागच्या वेळी उघडलंच नाही’ हे वाचून मोह होतो, की मूळ प्रसंगात न उघडणारी फाइल होती. असेलही. पण ही ओळ एकदाच, एकाच व्यक्तीकडून आली आहे, आणि ती त्याच क्षणी सुचलेली भर असण्याची शक्यता तितकीच आहे. विनोद खेळवताना प्रत्येक जण आपला एक रंग चढवतो. माझा नियम साधा आहे: जे तीन-चार जण गृहीत धरून वापरतात ते जुनं, आणि जे एकाच ओळीत डोकावतं ते संशयित. इथे ‘आठव’ चौघांच्याही तोंडी आहे, ‘उघडलंच नाही’ एकटीच्या.

समाजशास्त्रज्ञ गॅरी अ‍ॅलन फाइन यांनी मुलांच्या बेसबॉल संघांचा अभ्यास करून १९७९ मध्ये लहान गटांच्या या स्वतःच्या छोट्या संस्कृतीवर लिहिलं. गटात काहीतरी टिकायला निमित्त घडवणारी एक घटना लागतेच, पण ती पुरेशी नसते. ते गटाला कामी पडावं लागतं, आणि गटातल्या मानापमानाच्या रचनेला न दुखवता वापरता यावं लागतं. अंदाज तपासायला याचा फार उपयोग होतो. शंभर टायपिंगच्या चुका होतात त्यांतली हीच का टिकली? कारण फाइल मागणं आणि ती न येणं हा या गटाचा रोजचा त्रास आहे, आणि ‘आठव’ म्हटलं की रागावल्याशिवाय तगादा लावता येतो. ‘सरांनाही आठव, नाहीतर परत मागतील’ या ओळीत ते काम उघड चाललेलं दिसतं. तुमच्या अंदाजातून ‘मग हे रोज का वापरतात?’ याचं उत्तर निघत नसेल, तर अंदाजात काहीतरी राहिलंय असं समजा.

स्क्रीनशॉटच्या तांत्रिक खुणांकडे लोक फार आशेने बघतात. त्यांचा उपयोग आहे, पण मर्यादित. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये इतरांची नावं दिसतात ती स्क्रीनशॉट काढणाऱ्याच्या फोनमध्ये जशी साठवलेली आहेत तशी. ‘ओंकार’च्या जागी ‘ओंकार आठवण’ असं दिसलं असतं तर ते टोपणनाव एका माणसाने ठेवलेलं असतं, गटाचं नव्हे. सईच्या नावामागची नागमोडी रेघ सांगते की काढणाऱ्याकडे तिचा नंबर साठवलेला नाही. म्हणजे त्याची फारशी ओळख नसलेल्या सईलाही विनोद पूर्ण येतो, अर्थात तो दोघा-तिघांचा नसून सगळ्या ग्रुपसमोर घडलेला असावा. ही खूण पक्की नाही, कारण कंटाळा म्हणूनही लोक नंबर साठवत नाहीत. सात जणांच्या हसण्यावरून एवढंच कळतं की विनोद कळणारे निदान सात आहेत, आणि हे चित्र त्या सातांनी हसून झाल्यावर काढलं आहे.

फाइलच्या नावावरून तारीख काढणारे हमखास फसतात. `IMG-20240518-WA0007.jpg` असं नाव असेल तर त्यातली तारीख चित्र त्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपमधून पोचलं तेव्हाची, स्क्रीनशॉट काढला तेव्हाची नव्हे. काढणाऱ्याच्या फोनवर `Screenshot_20240518-…` असं नाव असू शकतं आणि ते जास्त कामाचं, पण चित्र फोटो म्हणून पुढे गेलं की ते नाव वाटेतच गळतं.

शोधयंत्राचा उपयोग एका बाजूने भक्कम आणि दुसऱ्या बाजूने लंगडा आहे. विचित्र वाटणारा शब्दसमूह अवतरणचिन्हांत घालून शोधा, उदाहरणार्थ `"पीडीएफमध्ये आठव"`. भरपूर निकाल आले तर हा विनोद या गटाचा नाहीच, तो बाहेरून आणलाय, आणि आपण अर्ध्या तासाची मेहनत वाचवली. काहीच आलं नाही तर मात्र त्यातून फार काही सिद्ध होत नाही, कारण खासगी ग्रुपमधलं बोलणं शोधयंत्रापर्यंत पोचतच नाही. मजकुराऐवजी स्टिकर किंवा चित्रावर विनोद असेल तर अख्खा स्क्रीनशॉट शोधाला देऊ नका. तेवढं चित्र कापून घ्या आणि गूगल लेन्स किंवा टिनआय या चित्रावरून शोधणाऱ्या सोयींवर टाका. टिनआयमध्ये सगळ्यात जुना निकाल आधी लावता येतो, पण ती तारीख टिनआयला ते चित्र पहिल्यांदा दिसल्याची असते. चित्राचा जन्म त्याआधीचाच.

आणि हो, चित्र बनावट असू शकतं. खोटं चॅट बनवून देणाऱ्या साइट आहेत. गंमत म्हणजे बनावट विनोद सहसा जास्त नीट कळतो. तो बाहेरच्यांना हसवण्यासाठीच लिहिलेला असतो, त्यामुळे संदर्भ, चूक आणि चूक दाखवणारी ओळ सगळं एकाच चित्रात व्यवस्थित बसवलेलं असतं. आपल्या नमुन्यासारखं अर्धवट, वर कापलेलं, शेवटी न कळणारं चित्र खरं असण्याची शक्यता मला जास्त वाटते. ही फक्त नजर आहे, कसोटी नव्हे.

राहिला हत्ती. ‘पाठव’ घालून पाच ओळी सरळ झाल्या, पण हत्ती तसाच उभा. हत्तीची स्मरणशक्ती दांडगी म्हणतात, म्हणून ओंकार ‘मी आठवणीत पक्का’ असं सुचवतोय, ही पहिली कल्पना. फाइल फार जड आहे, ही दुसरी. दोन्ही पटण्यासारख्या आहेत, आणि म्हणूनच मी दोन्ही बाजूला ठेवल्या. हत्ती एकदाच आलाय आणि त्यावर कोणाचाही प्रतिसाद चित्रात नाही. एकाच दाण्यावरून अंदाज पटत असेल तर तो किती सहज पटतोय याचीच काळजी वाटायला हवी.

अशा ठिकाणी विचारणं हाच उपाय, आणि विचारण्याचीही पद्धत आहे. ‘यात काय विनोद आहे?’ असं विचारलंत तर ‘अरे ते असंच आमचं’ एवढंच उत्तर मिळतं, कारण आतल्या माणसाला सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. त्याऐवजी ठोस अंदाज पुढे करा, चुकीचा असला तरी चालेल: ‘पहिल्यांदा पाठवतोच्या जागी आठवतो ओंकारने लिहिलं होतं ना?’ माणसं स्पष्टीकरण द्यायला कंटाळतात, चूक सुधारायला कंटाळत नाहीत. इथे उत्तर आलं की चूक ओंकारची नव्हती, मीनलची होती. ओंकारने ती उचलली आणि स्वतःवर घेतली. टायपिंगचा अंदाज बरोबर निघाला, माणूस चुकला. हत्तीचं म्हणाल तर त्यांच्या सादरीकरणाच्या जुन्या नमुन्यात कोपऱ्यात हत्तीचं एक छोटं चित्र होतं, ते काही केल्या कोणाला काढता आलं नव्हतं. ‘हत्तीसकट पाठवलं’ म्हणजे ‘आहे तसंच पाठवलं, बघून घ्या’. तक्ता तेवढ्यात गेलाही होता.